तारखेला वार विचारा

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. नावातला वडगाव इथल्या मातीतला, युसूफ अरबी. मराठवाड्यात अशी जोडनावं जागोजागी भेटतात, आणि अशा गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिल्या दोन-तीन पानांतच दख्खनच्या सुलतानांपाशी येऊन पोचतो. तिथे त्याला एक तारीख लागते. हसन गंगू दौलताबादेत तख्तावर बसला आणि बहमनी राज्य सुरू झालं, तो दिवस कोणता? शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत सगळीकडे उत्तर छापलेलं आहे: ३ ऑगस्ट १३४७. आता या उत्तरावर एक दुरुस्ती सुचवली जाते. हिजरी तारीख संगणकात घाला, उत्तर ११ ऑगस्ट १३४७ येतं. म्हणून आजवरची पुस्तकं आठ दिवसांनी चुकली आहेत, नवी स्मरणिका छापताना ११ ऑगस्टच छापा, असा हा युक्तिवाद आहे. त्यात नवं साधन वापरण्याचा उत्साह आहे, पण तारीख म्हणजे काय याचा विचार नाही. ३ ऑगस्ट चूक नाही. ११ ऑगस्टही चूक नाही. चूक आहे ती मूळ तारीख, वार आणि कालगणना खोडून टाकून नुसता आधुनिक आकडा पुढे करण्याची. रूपांतरित तारीख हा पुरावा नसतो. तो पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असतो आणि तो कसा काढला हे सांगता आलं तरच त्याला किंमत.

मुळात काय आहे ते आधी पाहू. राज्यारोहणाची तारीख अभ्यासकांनी फारसी तवारिखांवरून दिली आहे ती अशी: शुक्रवार, २४ रबिलाखर, हिजरी ७४८. हिचं रूपांतर करायला संगणक लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. हिजरी वर्ष चांद्र आहे आणि त्याला अधिक मास नाही. महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरले की वर्ष ३५४ दिवसांचं होतं; पण चंद्राचा हिशेब थोडा जास्त भरत असल्याने दर तीस वर्षांत अकरा वर्षांना एकेक दिवस जास्त द्यावा लागतो. म्हणजे तीस वर्षांचं एक चक्र १०,६३१ दिवसांचं. ७४८ वं वर्ष चालू आहे, तेव्हा पुरी झालेली वर्षं ७४७. त्यात अशी २४ चक्रं आणि वर २७ वर्षं. २४ चक्रांचे दिवस २,५५,१४४. उरलेल्या २७ वर्षांचे ३५४ प्रमाणे ९,५५८, आणि त्यांतल्या दहा वर्षांना एकेक जादा दिवस, म्हणजे ९,५६८. चालू वर्षातले मोहरम, सफर आणि रबिलावल मिळून ८९ दिवस, त्यावर रबिलाखरचे २४. सगळी बेरीज २,६४,८२५. हिजरी सनाच्या पहिल्या दिवसापासून मोजला तर हसनचा दिवस २,६४,८२५ वा आहे. सनाचा पहिला दिवस, १ मोहरम १, म्हणजे १६ जुलै ६२२, शुक्रवार. त्या शुक्रवारपासून आपण २,६४,८२४ दिवस पुढे आलो. या संख्येला सातने भागा: ३७,८३२ आठवडे पुरे, बाकी शून्य. बाकी शून्य म्हणजे वार तोच, शुक्रवार. तवारिखेतला वार गणिताने आपोआप उगवला.

या जुळण्याचं मोल नीट समजून घ्यायला हवं, कारण सारा वाद इथेच सुटतो. वार ही अशी गोष्ट आहे की जिला कोणत्याही पंचांगाशी देणंघेणं नाही. राजे बदलले, सन बदलले, पोपने दिवस गाळले, तरी शुक्रवारनंतर शनिवारच आला. सात वारांची माळ कुठेही तुटलेली नाही. म्हणून तारखेबरोबर वार दिलेला असेल तर तारखेच्या हातात तपासणीसाठी एक स्वतंत्र साक्षीदार असतो. समजा, नक्कल करणाऱ्याने रबिलाखरऐवजी रबिलावल लिहिलं असतं. ही चूक फारसीतही सहज होते, मराठीतही होते. मग उत्तर तीस दिवस मागे, ४ जुलैला गेलं असतं आणि वार बुधवार आला असता. समजा, ७४८ चं ७४९ झालं असतं, तर ३५४ दिवस पुढे सरकून वार मंगळवार झाला असता. दोन्ही वेळा शुक्रवार हा शब्द उभा राहून म्हणाला असता की कुठेतरी गडबड आहे. इथे तो तसं म्हणत नाही. अर्थात वार जुळला म्हणजे घटना तशीच घडली असं सिद्ध होत नाही. सगळाच मजकूर मागाहून रचणाऱ्याला वारही रचता येतो. पण वाचण्यातली, उतरवण्यातली आणि रूपांतर करण्यातली चूक वार बऱ्याच वेळा पकडतो. आणि संगणकाचं उत्तर छापणारे सर्वात आधी जे गाळतात ते हेच एक अक्षर असतं.

आता ऑगस्टमधला दिवस काढू. १६ जुलै ६२२ पासून १६ जुलै १३४७ पर्यंत ७२५ वर्षं होतात. ज्युलियन पंचांगात दर चौथं वर्ष लीप, त्यात अपवाद नाही. या काळात अशी १८१ लीप वर्षं येतात. ७२५ ला ३६५ ने गुणून १८१ मिळवले की २,६४,८०६ दिवस. आपल्याला जायचं आहे २,६४,८२४ दिवस, म्हणजे आणखी अठरा. १६ जुलैच्या पुढे अठरा दिवस म्हणजे ३ ऑगस्ट. पुस्तकातली तारीख अशी येते आणि ती ज्युलियन आहे. मग ११ ऑगस्ट कुठून आला? ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला, आणि पुढे शतकी वर्षांपैकी चारशेने भाग जाणारी तेवढीच लीप धरायची ठरली. बरेच संगणक-प्रोग्रॅम हा १५८२ चा नियम मागे, जिथे तो कोणी पाळलेला नव्हता त्या काळातही ताणत नेतात. चौदाव्या शतकात त्या ताणलेल्या पंचांगाचं आणि ज्युलियनचं अंतर आठ दिवस भरतं. ३ अधिक ८, अकरा. दोन्ही आकडे त्याच एका शुक्रवारचे आहेत. ज्याला दुरुस्ती म्हणून मिरवलं जातं ती प्रत्यक्षात फक्त दुसरी पट्टी आहे. एकाच कापडाला एकाने इंचात मापलं, दुसऱ्याने सेंटिमीटरमध्ये, आणि दुसरा पहिल्याला म्हणतो तुझं कापड चुकलं.

यावर आक्षेप येतो तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आज आपण ग्रेगोरियन पंचांग वापरतो, भिंतीवरचं कॅलेंडर ग्रेगोरियन आहे. मग "आधुनिक तारीख" म्हटल्यावर वाचकाला ग्रेगोरियनच द्यायला हवी, मेलेलं पंचांग कशाला उकरायचं, असा हा आक्षेप आहे. तो एका बाबतीत बरोबर आहे. प्रश्न सूर्याचा असेल, म्हणजे पाऊस किती झाला असेल, पिकं कुठवर आली असतील, दिवस किती मोठा होता, तर ग्रेगोरियन आकडाच उपयोगाचा, कारण तो ऋतूला चिकटून राहतो. हसनचं राज्यारोहण पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर झालं हे विचारणाऱ्याने ११ ऑगस्टच पाहावा. पण कालक्रमाचा प्रश्न असेल तर हाच आकडा घात करतो, कारण आजूबाजूच्या बाकीच्या सगळ्या तारखा ज्युलियनमध्ये बसवलेल्या आहेत. एकट्या बहमनी तारखेला ग्रेगोरियन केलं आणि मुहम्मद तुघलकाच्या हालचालींच्या तारखा पुस्तकातून तशाच उचलल्या, तर एकाच पानावर दोन घड्याळं चालू होतील. हे लक्षात यायला आपल्या घरचंच उदाहरण पुरे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. त्या सोहळ्याला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच पंचांगात दिवस मोजत होता, कारण इंग्लंडने ग्रेगोरियन स्वीकारलं ते १७५२ साली. ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस १६ जून येतो. "आधुनिक म्हणजे ग्रेगोरियन" हा नियम ज्याला हसनसाठी पाहिजे त्याने तो रायगडालाही लावावा. तिथे हात थबकत असेल तर नियमातच काही राहून गेलं आहे असं समजावं.

सतराव्या शतकात तर हा घोटाळा पुस्तकी राहत नाही. पोर्तुगालने नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं, त्यामुळे गोव्याचे कागद ग्रेगोरियन; वेंगुर्ल्याची डच वखारही ग्रेगोरियनच. सुरत आणि राजापूरच्या इंग्रज वखारींची पत्रं मात्र ज्युलियन. एकाच लढाईची बातमी गोव्याहून आणि सुरतेहून वाचली तर तारखांत दहा दिवसांचं अंतर दिसतं आणि उतावळा अभ्यासक दोन लढाया झाल्या असं समजतो. अशा वेळी फारसी किंवा मराठी कागदावरची हिजरी तारीख वारासकट जवळ असेल तर वाद क्षणात मिटतो. ती नसेल आणि फक्त कोणीतरी केलेलं रूपांतर असेल, तर ते कोणत्या पट्टीचं हे कळायला मार्ग नाही.

आता दिवस सुरू कधी होतो ते पाहू. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, आपली तिथी-वार सूर्योदयाला. यामुळे एका हिजरी तारखेला एक इंग्रजी तारीख जुळते ही समजूतच ढोबळ आहे. खरं तर ती दोन इंग्रजी तारखांवर पसरलेली असते. हे काही पंडिती खुसपट नाही, रोजच्या बोलण्यात ते मुरलेलं आहे. मराठवाड्यात गुरुवारला जुमेरात म्हणतात. जुमेरात म्हणजे जुम्म्याची रात्र. गुरुवारी दिवस मावळला की शुक्रवार लागला, हा हिशेब त्या एका शब्दात बसला आहे. चांदरातही तशीच: चंद्र दिसला त्या संध्याकाळीच नवा महिना चालू झाला. म्हणून २४ रबिलाखरचा समारंभ दिवसा झाला असेल तर ३ ऑगस्ट. पण कोणी २४ रबिलाखरच्या रात्री मेला असं लिहिलं असेल तर ती २ ऑगस्टची संध्याकाळ असते, आणि संगणक निमूटपणे ३ ऑगस्ट सांगतो. आपल्याकडे याचा जोडीदार आहेच. जेधे शकावली शिवराज्याभिषेकाचा वार शुक्रवार देते, आणि ६ जून १६७४ हा तर शनिवार. कोणी चुकलं का? नाही. शकावली म्हणते की रात्र तीन घटका उरलेली असताना राजे सिंहासनावर बसले. सूर्य उगवायला तासाहून थोडा अधिक वेळ होता. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्याला तो अजून शुक्रवारच होता, मध्यरात्रीपासून मोजणाऱ्याला शनिवार झाला होता. हा फरक जाणून आपण शकावलीला खोटं ठरवत नाही. मग सुलतानाच्या तारखेला तेवढाच विचार का मिळू नये?

पुढची गोष्ट चंद्राची. वर केलेलं गणित हे कोष्टकाचं गणित आहे. त्यात महिने ठरावीक लांबीचे धरले आहेत. सुलतानाच्या दरबारात महिना कोष्टक पाहून लागत नव्हता, चंद्र दिसल्यावर लागत होता. दख्खनमध्ये पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की चंद्र दिसायचा राहतो, मग चालू महिना तीस दिवस पुरा केला जातो. एका गावात दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. त्यामुळे कोष्टकाने काढलेली तारीख आणि त्या गावात खरोखर पाळलेली तारीख यात एका दिवसाची तफावत साधारणच असते. यात आणखी भर म्हणजे कोष्टकंही दोन आहेत. काही जण सनाचा पहिला दिवस १६ जुलै, शुक्रवार धरतात, काही १५ जुलै, गुरुवार. दुसऱ्या कोष्टकाने हसनचा दिवस २ ऑगस्ट, गुरुवार येतो. दोन प्रोग्रॅम एका दिवसाने वेगळं उत्तर देतात ते याच कारणाने, आणि कोणता खरा हे प्रोग्रॅमच्या आत डोकावून कळत नाही. ते कळतं मुळातल्या वारावरून. कागद शुक्रवार म्हणतो, तेव्हा २ ऑगस्ट बाद. कागदाने गुरुवार म्हटलं असतं तर २ ऑगस्ट घ्यावा लागला असता आणि त्या ठिकाणी चंद्र एक दिवस आधी धरला होता असा अर्थ झाला असता. कामाचा नियम असा: वारात एका दिवसाचा फरक असेल तर चंद्राला दोष द्या आणि तारीख वाराप्रमाणे सरकवा, दोन दिवसांचा असेल तर संशय घ्या, त्याहून जास्त असेल तर महिना, साल किंवा वाचन पुन्हा तपासा. एक सावधगिरीही हवी. एकोणतीस दिवसांचा महिना चुकून मागेपुढे झाला तर वारही एकाच दिवसाने सरकतो, आणि ती चूक चंद्राच्या पदराआड लपू शकते. म्हणून वार हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. आजूबाजूच्या घटनांचा क्रम पाहणं सुटत नाही.

"एका दिवसाने असं काय बिघडतं?" हा यावरचा नेहमीचा सवाल. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या घटनेत एक दिवस इकडे की तिकडे याने गावाचा इतिहास बदलत नाही, हे मान्य. पण मग तारीख अमुकच असा आग्रह तरी कशाला? ज्याला एका दिवसाची फिकीर नाही त्याने "ऑगस्ट १३४७" लिहावं, ते अगदी निर्दोष आहे. नेमका दिवस छापायचा आणि नेमकेपणाची जबाबदारी घ्यायची नाही, असं दोन्हीकडून चालत नाही. शिवाय रूपांतरातली चूक नेहमी एका दिवसाची राहील असं समजणं हाच खरा धोका आहे. एक दिवसाची सूट देणारा माणूस पुढे वर्षांच्या चुकीकडेही त्याच सैल नजरेने पाहतो.

वर्षांची चूक कशी होते ते दख्खनच्या कागदात शिरल्याशिवाय कळत नाही. इथे सुलतानी तारखेचा आकडा दिसला की तो हिजरीच असेल असं नाही. आदिलशाही आणि मराठी कागदांत शुहूर सन चालतो. त्यात महिने आणि तारखा हिजरीच, मोहरम, सफर, रबिलावल. "छ" हे अक्षर घालून चंद्राची तारीख लिहिलेली असते. पण वर्ष मात्र सौर, मृग नक्षत्रावर बदलणारं, म्हणूनच त्याला मृग साल म्हणतात. हिजरी आणि शुहूर यांचे आकडे १३४४ साली, ७४५ पाशी जुळलेले होते. हसन तख्तावर बसण्याच्या अवघी तीन वर्षं आधी. तिथून पुढे चांद्र वर्ष छोटं असल्याने हिजरीचा आकडा पळत राहिला आणि साधारण तेहतीस वर्षांत एक वर्ष, या गतीने शुहूर मागे पडत गेला. गोल घुमटवाला मुहम्मद आदिलशाह मरण पावला तेव्हा हिजरी १०६७ च्या मोहरमची २६ तारीख होती, म्हणजे ज्युलियन ४ नोव्हेंबर १६५६. त्या दिवशी शुहूर सन होता १०५७. मराठी कागदावर तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत येतो: सबा खमसैन अलफ. सबा सात, खमसैन पन्नास, अलफ हजार. समजा एखाद्याने २६ मोहरम, सबा खमसैन अलफ असं वाचलं, शब्दांचा आकडा बरोबर लावला, १०५७ लिहिले, आणि प्रोग्रॅममध्ये हिजरी म्हणून घातले. उत्तर येईल २१ फेब्रुवारी १६४७. प्रोग्रॅम कुरकुरणार नाही, कारण गणितात चूकच नाही. पण या उत्तराने सुलतान जवळजवळ पावणेदहा वर्षं आधी मेला. मग जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करणारा विजापूरचा सेनापती मुस्तफाखान कोणाच्या हुकमाने गेला होता? इतिहासाची अख्खी रांग कोलमडते आणि तरी तारीख दिसायला देखणी असते: दिवस, महिना, साल, सगळं जिथल्या तिथे.

शुहूर सनाची आणखी एक मेख आहे. वर्ष ३६५ दिवसांचं आणि त्यात घातलेल्या तारखा ३५४ दिवसांच्या वर्षातल्या. म्हणून प्रत्येक शुहूर वर्षात अकरा-एक चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा मृगाच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटाला. कागद अशा तारखेचा असेल तर एका शुहूर तारखेला दोन इंग्रजी तारखा बरोबर ठरतात, जवळजवळ वर्षाच्या अंतराने. इथे गणित हात टेकतं. निवाडा करायचा तो वाराने, किंवा मजकुरातल्या माणसांच्या हालचालींवरून. एका बटणावर एक उत्तर देणाऱ्या साधनाला या प्रश्नाचं अस्तित्वच माहीत नसतं.

युसूफ वडगावसारख्या गावात तर तिसरा सन दाराशीच उभा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाच्या कारभारात फसली सन चालत होता. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, महिन्यांच्या हिशेबाने एखादं वर्ष इकडेतिकडे. म्हणजे घरातल्या जुन्या उर्दू कागदावर १३४७ हा आकडा दिसला तर तो फसली असल्यास १९३७-३८, हिजरी असल्यास १९२८-२९. आणि इसवी म्हणून वाचला तर थेट हसन गंगूचं साल. आकडा एक, काळ तीन, आणि त्यांतले दोन तर एका माणसाच्या हयातीत बसणारे. आजोबांचं वय नऊ वर्षांनी कमी-जास्त व्हायला एवढी गफलत पुरते. जिथे कागदावर सनाचं नाव लिहिलेलं आहे तिथे ते रूपांतर करताना गाळणं ही निव्वळ बेफिकिरी. जिथे लिहिलेलं नाही तिथे कोणता सन धरला आणि का धरला, हे सांगणं हेच संशोधन.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. गावाच्या स्मरणिकेत एवढा काथ्याकूट कोण वाचणार, लोकांना एक तारीख हवी असते, तीही लक्षात राहील अशी. मला हा आक्षेप सर्वांत कमकुवत वाटतो, कारण सगळी दक्षता एका ओळीत मावते. "शुक्रवार, २४ रबिलाखर, हिजरी ७४८, ज्युलियन ३ ऑगस्ट १३४७, ग्रेगोरियन ११ ऑगस्ट." एवढं छापलं की ज्याला नुसती तारीख हवी त्याला ती मिळाली, ज्याला पावसाचा हिशेब करायचा त्याला दुसरा आकडा मिळाला, आणि ज्याला आमचं खोटं ठरवायचं आहे त्याच्या हातात वारही दिला. कागद शुहूर असेल तर हिजरीच्या जागी शुहूर लिहावं, घटना रात्रीची असेल तर "रात्री" हा शब्द जोडावा. याने पानं वाढत नाहीत. जी ओळ उलटी चालवून मूळ कागदापर्यंत जाता येतं ती इतिहासाची ओळ. जी तशी चालवता येत नाही ती केवळ ऐकीव गोष्ट, मग ती संगणकाने सांगितलेली असो की पारावरच्या म्हाताऱ्याने.

तेव्हा ३ ऑगस्टवर काट मारून ११ ऑगस्ट लिहिणाऱ्यांना एवढंच विचारावं की खोडलेल्या आकड्याचा वार कोणता होता आणि नव्याचा कोणता आहे. उत्तर दोन्हीकडे शुक्रवार येईल, आणि त्याच क्षणी दुरुस्तीचा दावा संपेल. वेगळा दिवस सापडलाच नव्हता, फक्त त्याच दिवसाला वेगळं नाव दिलं होतं. खरोखर वेगळा दिवस सांगायचा असेल तर तवारिखेतला शुक्रवार खोटा पाडून दाखवावा लागेल. ते काम ऑगस्टच्या आकड्यांवर होणार नाही. त्यासाठी रबिलाखर वाचावा लागेल.